डिस्क भरते कशाने? हा तास पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

हा तास घेताना मुलांना लगेच डिलीट करायला बसवू नका, आधी अंदाज करायला लावा. मी विंडोजच्या C: ड्राइव्हवर सरावाचं एक फोल्डर तयार ठेवते. त्यात दोनशे छोट्या टेक्स्ट फाइली, दहा फोटो आणि पाचएक मिनिटांचा एक व्हिडिओ असतो. सगळ्या प्रतीच, मूळ फाइल एकही नाही. सर्वात जास्त जागा कशाने खाल्ली असं विचारलं, की बरीच मुलं टेक्स्ट फाइलींकडे बोट दाखवतात. पसारा म्हणजे संख्या, असं त्यांना वाटतं.

मग राइट क्लिक करून Properties उघडायला सांगते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, अगदी काना-मात्राही, यूटीएफ-8 मध्ये 3 बाइट घेतं. म्हणजे हजार चिन्हांचा निबंध सुमारे 3 केबी. एक फोटो 3 एमबीचा असला, तर त्यात असे हजार निबंध मावतात. आणि व्हिडिओ 500 एमबी! सेकंदाला 25-30 चित्रं असतात हे सांगितलं, की कारण मुलंच सांगतात. (3 केबीच्या फाइलपुढे Size on disk 4 केबी दिसेल. डिस्क साधारण 4 केबीच्या तुकड्यांत जागा देते, एवढंच उत्तर पुरे.)

खरी गंमत पुढे आहे. C: च्या Properties मधली Free space वहीत लिहून घ्या आणि मुलांना हवं तसं आवरू द्या. कुणी व्हिडिओ दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवतो, पण ड्राइव्ह तोच, त्यामुळे जागा तेवढीच. कुणी त्याची झिप करतो. व्हिडिओ मुळातच दाबलेला असतो, म्हणून झिपही जवळजवळ 500 एमबीची होते आणि मूळ फाइल तशीच राहिल्याने मोकळी जागा उलट कमी होते. कुणी डिलीट करतो, तरी आकडा हलत नाही, कारण फाइल Recycle Bin मध्ये, त्याच डिस्कवर पडून असते. तो रिकामा केल्यावरच 500 एमबी सुटतात. या प्रत्येक पायरीला आकडा लिहायला लावा. घाई इथे करू नका, तासाचा निम्मा वेळ यालाच द्या.

व्हिडिओ मोठाच घ्या. विंडोज मागे स्वतःची कामं करत असते, त्यामुळे आकडा थोडा आपोआपही हलतो आणि लहान फाइलचा फरक त्यात हरवतो. हा प्रयोग पेनड्राइव्हवर करू नका. तिथून डिलीट केलेली फाइल सहसा Recycle Bin मध्ये जात नाही, थेट जाते.

शेवटी मोठ्या फाइली शोधायला शिकवा. फोल्डर उघडून शोधचौकटीत हे टाइप करायचं:

```
size:>100MB
```

शोध Downloads पासून सुरू करा. तिथे नावापुढे (1), (2) लागलेल्या, दोनदा उतरवलेल्या फाइली हमखास सापडतात. पण नाव सारखं म्हणून फाइल सारखीच असं नाही, उघडून पाहिल्याशिवाय डिलीट करू देऊ नका. आणि C:\Windows मधल्या फाइली कितीही मोठ्या दिसल्या तरी त्यांना हात लावायचा नाही. त्या साफ करायच्या असतील तर Disk Cleanup आहे, आणि ते तुम्ही स्वतः चालवा.