कूलरच्या सॉकेटवर कार चार्ज करताय? प्लग तापवणाऱ्या या चुका टाळा

मे महिन्यात नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या घरातून काकांचा फोन आला. "भाऊ, गाडी अर्धा-पाऊण तास चार्ज होते आणि बंद होऊन राहिली. थोड्या वेळानं पुन्हा आपोआप सुरू होते. चार्जर खराब निघाला वाटते."

काकांच्या मुलाने इलेक्ट्रिक कार घेतली होती आणि गाडीसोबत आलेला पोर्टेबल चार्जर ओसरीतल्या सॉकेटला लावला होता. त्याच सॉकेटवर वीसेक वर्षं दर उन्हाळ्यात कूलर चालत आला होता. मी चार्जिंग थांबवून प्लग काढला. तीन पिनांपैकी न्यूट्रलची पिन तपकिरी पडली होती आणि सॉकेटच्या त्याच भोकाभोवतीचं प्लास्टिक पिवळसर झालं होतं. इन्फ्रारेड थर्मामीटर धरला तर ती पिन ८४ अंशांवर, आणि फेजची पिन ५५ च्या आसपास. चार्जर ठणठणीत होता. त्याच्या प्लगमधला सेन्सर आपलं काम चोख करत होता.

"इतकी वर्षं कूलर चालला, मग गाडीला काय होते?"

काकांचा हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरी ऐकू येतो, आणि पहिली चूक इथेच होते.

सॉकेटच्या आत पितळेच्या पट्ट्या असतात आणि त्या स्प्रिंगसारख्या पिनेला घट्ट धरतात. पकड ढिली झाली की पिन आणि पट्टी अगदी थोड्या ठिकाणीच टेकतात, आणि त्या जागी विजेला विरोध वाढतो. चांगल्या सॉकेटमध्ये हा विरोध ओहमच्या काही हजाराव्या भागाइतका असतो. ढिल्या सॉकेटमध्ये तो ०.१ ओहमपर्यंत गेला असं धरू. कूलर जेमतेम १ अँपिअर घेतो, म्हणून त्या जागी ०.१ वॅट उष्णता तयार होते. हाताला ती कळतसुद्धा नाही. पोर्टेबल चार्जर ३.३ किलोवॅटचा असेल तर तो सुमारे १४ अँपिअर ओढतो. उष्णता करंटच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून त्याच जागी १४ गुणिले १४ गुणिले ०.१, म्हणजे जवळपास २० वॅट. लहान सोल्डरिंग आयर्न साधारण २५ वॅटचं असतं. तसलं काहीतरी सॉकेटच्या पोटात रात्रभर चालू ठेवल्यासारखं हे आहे.

गीझरही मोठा करंट घेतो, पण पाणी तापलं की थर्मोस्टॅट त्याला बंद करतो आणि सॉकेट थंड होतं. गाडीला असा विसावा नाही. ३० किलोवॅट-तासांची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर न्यायला सहा-सात तास सलग तोच करंट वाहतो.

नागपुरात यात आणखी एक भर पडते. कूलरजवळच्या सॉकेटला वर्षानुवर्षं ओलसर हवा लागते आणि पितळेवर हिरवट थर चढतो. मग पट्टी तापते, तापल्याने तिचा ताण कमी होतो, पकड आणखी ढिली होते आणि पुढच्या वेळी ती अधिक तापते. बाहेर आधीच ४२-४३ अंश असतील तर ही सगळी वाढ त्याच्यावर चढते. घरातल्या साध्या पीव्हीसी वायरचं आवरण ७० अंशांपर्यंतच्या कामासाठी बनवलेलं असतं, हे इथे ध्यानात ठेवायला हवं.

"एमसीबी पडेल ना!"

नाही पडणार. एमसीबी जादा करंट पाहते, आणि इथे करंट ठरल्याप्रमाणे १४ अँपिअरच आहे. आरसीसीबी गळती पाहते, आणि गळतीही नाही. सॉकेट वितळेपर्यंत दोन्ही गप्प राहू शकतात. नेमकी हीच उणीव प्लगमधला सेन्सर भरून काढतो.

पिनांच्या मुळाशी, प्लगच्या घट्ट साच्यात, एक थर्मिस्टर बसवलेला असतो. हा छोटा घटक तापमानाप्रमाणे आपला विरोध बदलतो. त्याच्या दोन बारीक तारा केबलमधून चार्जरच्या डब्यापर्यंत जातात. डबा तापमान वाचतो आणि मर्यादा ओलांडली की करंट कमी करायला गाडीला सांगतो, किंवा चार्जिंग थांबवतो. मर्यादा किती हे कंपनीनुसार बदलतं. प्लग थंड झाला की बरेच चार्जर स्वतःहून पुन्हा सुरू होतात.

म्हणूनच चार्जिंग कधी थांबतं ते पाहा. लावल्या लावल्या लाल दिवा आला तर बहुतेक वेळा अर्थिंगमध्ये दोष असतो. अर्ध्या-पाऊण तासाने थांबून, गार झाल्यावर पुन्हा सुरू होत असेल तर संशय सॉकेटवर घ्या.

प्लग कापून टॉप बसवू नका

काकांच्या शेजाऱ्याने सुचवलं होतं, "हा प्लग काढून टाका, बाजारातला थ्री पिन टॉप लावा." माझ्या मते ही सगळ्यांत धोक्याची चूक आहे. केबल कापली की आत तीनऐवजी पाच तारा दिसतात, आणि त्या दोन बारीक तारा म्हणजेच सेन्सर. त्या सोडून दिल्या की बरेच चार्जर बिघाड दाखवून सुरूच होत नाहीत. एखादा सुरू झालाच, तर त्याला आता तापमान कळत नाही.

एक्स्टेन्शन बोर्डाचंही तसंच. सेन्सर फक्त आपल्या पिनांजवळचं तापमान जाणतो. मध्ये बोर्ड आला की तो बोर्डाचं तापमान वाचतो, आणि भिंतीतलं ढिलं सॉकेट त्याच्या नजरेआड तापत राहतं. सॉकेटच्या मागचा स्क्रू ढिला असेल तरी उष्णता सेन्सरपर्यंत उशिरा आणि कमी पोचते. प्लग कोमट पण सॉकेटची पाटी गरम, असं दिसलं तर दोष मागच्या स्क्रूत शोधायचा.

आणखी एक साधी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. चार्जरचा जड डबा प्लगवर लोंबत ठेवला की पिना खाली ओढल्या जातात आणि पट्ट्या रोज थोड्या फाकतात. डब्यासाठी भिंतीत एक खुंटी ठोका. प्लग काढण्याआधी चार्जिंग बंद करा. चालू करंटवर ओढला की ठिणगी पडून पितळेला खड्डे पडतात.

काकांकडे काय केलं

त्या रात्रीपुरता चार्जर १० अँपिअरवर ठेवायला सांगितला, तोही दुसऱ्या खोलीतल्या घट्ट सॉकेटवर. १४ वरून १० वर आलं की उष्णता निम्मी होते, वेळ मात्र नऊ तासांच्या आसपास जातो. ढिल्या सॉकेटला हा इलाज नाही, कारण त्याची पकड आणखी बिघडतच राहते.

दुसऱ्या दिवशी मेन बंद करून सॉकेट उघडलं. न्यूट्रलची पट्टी बोटाने सहज हलत होती, आणि मागचा स्क्रूही अर्धा फेरा ढिला होता. वायरचं काळं पडलेलं टोक लखलखीत तांबं दिसेपर्यंत कापून काढलं. जुनी वायर दीड चौरस मिलिमीटरची निघाली, म्हणून डीबीपासून, म्हणजे घरातल्या एमसीबी जिथे असतात त्या मुख्य बोर्डापासून, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र लाइन ओढली. तिला वेगळी एमसीबी आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी दिली. नवं १६ अँपिअरचं आयएसआय सॉकेट कूलरपासून लांब, कोरड्या भिंतीवर बसवलं.

मग पूर्ण करंटवर तासभर चार्जिंग करून पुन्हा मोजलं. ओसरीत ३८ अंश होते, दोन्ही पिना ५० च्या आत होत्या आणि दोघींत फरक दोन अंशांचाच. रोज चार्जिंग करायचं असल्यामुळे काकांना मी दर महिन्याला एक गोष्ट करायला सांगितली आहे: तासभर चार्ज झाल्यावर गाडीतून चार्जिंग थांबवायचं, स्विच बंद करायचा, प्लग काढून पिनांचा रंग पाहायचा. एखादी पिन बाकीच्यांपेक्षा काळवंडलेली दिसली तर त्याच दिवशी मला फोन.