घरमालक आजोबा वारल्यावर भाडेकरूला पत्र कसं लिहावं

आजोबा गेल्यावर तेराव्यानंतर मी त्यांचं पावतीपुस्तक उघडलं. शेवटची पावती त्यांच्या थरथरत्या अक्षरात होती. पुढच्या महिन्याची पावती कुणाच्या नावानं फाडायची, हे घरात कुणालाच सांगता येईना.

पत्राआधी वारस कोण ते पाहा. हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर स्वकमाईच्या घरात नातवाला थेट वाटा मिळत नाही. त्याचे वडील (किंवा आजोबा आईचे वडील असतील तर आई) आधी वारले असतील, तरच मिळतो. माझे वडील आधीच गेले होते. त्यामुळे आजीचा एक वाटा, आत्याचा एक आणि आई, बहीण व मी मिळून एक. वडील हयात असते तर मी पत्र नुसतं लिहून दिलं असतं, सही त्यांची लागली असती. आजोबांनी कुणाला मुखत्यारपत्र दिलं असेल तर तेही त्यांच्याबरोबरच संपतं.

मग भाडं एकाच खात्यात घ्यायचं ठरवा. आम्ही आजीचं खातं निवडलं आणि पत्रावर पाचही जणांच्या सह्या घेतल्या. आत्याची सही राहिली असती, तर तिनं उद्या वेगळं भाडं मागितल्यावर भाडेकरूनं काय करायचं?

मजकूर असा होता:

“ती. काका, सा. न.
आमचे आजोबा ५ मे रोजी वारले. मृत्यूच्या दाखल्याची प्रत सोबत आहे. आम्ही खाली सह्या करणारे त्यांचे वारस आहोत. जूनपासूनचं भाडं आजीच्या पुढील खात्यात भरावं. पावती आजीच्या सहीची मिळेल. हे पत्र मिळण्याआधी आजोबांच्या खात्यात भरलेलं भाडं आम्हाला पोचलं असं समजावं. तुमची ५०,००० रुपयांची अनामत आमच्याकडे जमा आहे. कराराच्या बाकी अटी त्याच राहतील.”

अनामतीचं वाक्य गाळू नका. भाडेकरूच्या मनात पहिली धास्ती तीच असते. भाडेवाढीचा विषय मात्र या पत्रात आणू नका. भाडेकरू कंपनीत घरभाड्याची करसवलत घेत असेल, तर आजीचा पॅन क्रमांकही त्याला लागू शकतो.

नवा खाते क्रमांक नुसता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर शहाणा माणूस शंका घेणारच. म्हणून आजीला घेऊन स्वतः जा. पत्राच्या दोन प्रती न्या, एकीवर ‘मिळाले’ असं लिहून तारखेसह सही घ्या. भाडेकरू परगावी असेल तर पोचपावतीसह टपालानं पाठवा.

आमच्या काकांनी जूनचं भाडं सवयीनं जुन्याच खात्यात भरलं. ते एटीएमनं काढायचा मोह होतो, पण काढू नका. बँकेला मृत्यूचा दाखला द्या, रक्कम दाव्याच्या रीतसर अर्जानंतरच मिळते. आम्ही काकांना जूनची पावती दिली आणि त्यांच्या बँकेच्या अ‍ॅपमधली दरमहाची सूचना त्यांच्यासमोरच बदलून घेतली.