आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवताना

गाडीचं कर्ज फिटल्यावर बँकेनं एनओसी आणि सही-शिक्क्यासह फॉर्म ३५ दिला. आरटीओत देण्याआधी मी चेसिस नंबर आरसीशी एकेक अक्षर ताडून पाहिला. एनओसीत शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ होता. सतरा अक्षरी चेसिस नंबरात आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतातच, त्यामुळे चूक एनओसीतलीच हे नक्की झालं. फॉर्म ३५ वरही तीच चूक होती, म्हणून दोन्ही कागद बदलून मागितले. पेनानं खाडाखोड करून घ्यायला मी ठाम नकार दिला. नव्या एनओसीची मुदत पाहून लगेच ‘परिवहन’वर अर्ज केला, फी भरली. नव्या आरसीवर बँकेचं नाव नाही, हे तपासलं. विमा पॉलिसीवर मात्र ते तसंच राहतं; तीच आरसी विमा कंपनीला देऊन तिथूनही काढून घेतलं.