अ‍ॅडियाबॅटिक कॉम्प्रेशन: तापमान आणि कार्य काढताना या चुका टाळा

1 मोल नायट्रोजन, तापमान 27°C. घनफळ पाचपट कमी होईपर्यंत तो रिव्हर्सिबल अ‍ॅडियाबॅटिक पद्धतीने दाबला. शेवटचं तापमान किती आणि कार्य किती?

वहीत सगळ्यात आधी दिसणारी चूक सेल्सिअसची. 27 ला 1.904 ने गुणून 51°C लिहिलेलं असतं. गुणोत्तर केल्विनमध्येच चालतं, म्हणून 300 K घ्या. नायट्रोजन द्विअणू, म्हणून γ = 1.4 (1.67 हा एकअणू वायूचा).

```
T2 = T1 (V1/V2)^(γ-1) = 300 × 5^0.4 ≈ 571 K
```

म्हणजे जवळजवळ 298°C.

खरी फसगत पुढे आहे. गणितात "घनफळ एक पंचमांश" ऐवजी "दाब पाचपट" असं दिलं, तरी मुलं 0.4 हाच घातांक लावून 571 K लिहितात. समोर 5 दिसतो आणि हात आपोआप चालतो. दाब दिला असेल तर घातांक (γ-1)/γ, म्हणजे 0.2857 येतो आणि उत्तर 475 K मिळतं. फरक 96 अंशांचा! म्हणून सूत्र लिहिण्याआधी पाचपट काय झालंय ते अधोरेखित करा. घनफळ पाचपट कमी झालं की दाब पाचपट होत नाही, 5^1.4 म्हणजे सुमारे 9.52 पट होतो. पडताळा सोपा आहे: दाबाचं गुणोत्तर गुणिले घनफळाचं गुणोत्तर, 9.52 × 1/5 = 1.904. तापमानाचं गुणोत्तरही तेवढंच यायला हवं. नाही आलं तर घातांक चुकलाय.

आता पहिल्या गणिताचं कार्य. इथे सवयीने nRT ln(V2/V1) लिहिलं जातं आणि आकडा 4014 J येतो. ते सूत्र तापमान स्थिर असतानाचं. आपला वायू तापतोय, त्याचा दाब जास्त वेगाने चढतोय, मग त्याला दाबायला कष्टही जास्तच पडणार. उष्णता शून्य असल्याने सगळं कार्य आंतरिक ऊर्जेत जातं:

```
ΔU = n Cv ΔT = 1 × 2.5 × 8.314 × 271 ≈ 5633 J
```

यात Cp घालू नका. दाब बदलत असला तरी आदर्श वायूची आंतरिक ऊर्जा Cv वरूनच निघते.

राहिलं चिन्ह. फिजिक्सच्या पुस्तकात W म्हणजे वायूने केलेलं कार्य, म्हणून -5633 J. केमिस्ट्रीत W वायूवर झालेलं, म्हणून +5633 J. माझ्या मते उत्तराशेजारी "वायूवर झालेलं" असे दोन शब्द लिहिणं सगळ्यात सुरक्षित.

आणि प्रश्नात "अचानक" किंवा "स्थिर बाह्य दाबाविरुद्ध" असं असेल, तर वरची घातांकाची सूत्रं लागूच होत नाहीत. बाह्य दाब एकदम पाचपट केला, तर Cv(T2-T1) = R(5T1-T2) हे समीकरण सोडवावं लागतं आणि T2 475 नव्हे, 643 K येतं.