बाबांच्या खात्यावर नॉमिनी नसेल तर

बाबा गेल्यावर त्यांच्या खात्यातली शिल्लक मागणारं आमचं पत्र म्हापशाच्या ब्रांचमधून पहिल्यांदा परत आलं, कारण आईला मी नुसतं 'वारस' लिहिलेलं. गोव्यात वेगळा करार करून लग्न झालं नसेल तर नवरा-बायकोच्या लग्नाआधीच्या आणि नंतरच्या एकत्र मालमत्तेतला अर्धा वाटा आईचा स्वतःचाच असतो, वारसा उरलेल्या अर्ध्याचा. म्हणून पत्रात सरळ लिहा: "आई अर्ध्या वाट्याची मालकीण, मी व बहीण वारस, शिल्लक आईच्या खात्यात जमा करावी, आमची हरकत नाही."

सोबत मृत्यूदाखला, सब-रजिस्ट्रारकडचा वारसा दाखला, सगळ्यांचे केवायसी, पासबुक आणि इंडेम्निटी बाँड, म्हणजे उद्या दुसरा कोणी हक्क सांगत आला तर बँकेचं नुकसान आम्ही भरू असं लिहून देणं. दाखल्यात बहिणीच्या नवऱ्याचंही नाव होतं, त्याची पण सही मागितली, भावजी बोटीवर, महिना गेला!