गच्चीवरच्या सोलरसाठी वीजरोधक: दांडी, पट्टी आणि अर्थिंग

कोपरखैरण्यातली चार मजली सोसायटी घेऊ. इमारत 15 मीटर उंच, गच्ची 15 बाय 12 मीटर. तिच्यावर 12 बाय 4 मीटरची सोलरची रांग आणि पॅनेलची वरची कड गच्चीपासून दीड मीटरवर.

आधी दांड्यांची जागा ठरवा. गच्चीपासून साडेतीन मीटर उंच दांडी, वीजसंरक्षणाच्या आयईसी 62305 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तिसऱ्या श्रेणीच्या हिशेबाने, पॅनेलच्या उंचीवर चहूबाजूंनी साधारण पावणेसहा मीटर संरक्षण देते. म्हणून रांगेच्या उत्तरेला, पॅनेलपासून अर्धा मीटर मागे, दोन दांड्या पुरतात: दोन्ही टोकांपासून तीन-तीन मीटर आत. उत्तरेला अशासाठी, की वर्षाचा बराच काळ सावली पॅनेलवर पडत नाही.

हा अर्धा मीटर मात्र डोळ्यांनी ठरवू नका. दांडीतून प्रवाह उतरताना वीज जवळच्या पॅनेलच्या चौकटीवर उडी मारू शकते. किमान अंतराचा हिशेब असा:

```
s = 0.04 × 0.44 × 18 = 0.32 मीटर
```

0.04 हा तिसऱ्या श्रेणीचा आकडा, 18 मीटर म्हणजे दांडीपासून जमिनीपर्यंतच्या पट्टीची लांबी. 0.44 हा आकडा उतरत्या पट्ट्या तीन किंवा जास्त असतील तेव्हाचा. एकच पट्टी ठेवली तर तिथे 1 येतो आणि 72 सेंटिमीटर लागतात, आपला अर्धा मीटर अपुरा पडतो. पट्टी वाचवणं असं महागात पडतं.

आता दोन्ही दांड्या कठड्यावरून फिरवलेल्या 25 बाय 3 मिलिमीटरच्या जीआय पट्टीला जोडा आणि चार कोपऱ्यांतून चार पट्ट्या सरळ खाली सोडा. वाटेत वळसा किंवा काटकोनी मोड नको. पॅनेलच्या चौकटीची अर्थिंगची वायर यांच्यापासून तेवढंच अंतर राखून वेगळी उतरू द्या. जमिनीपासून मीटरभर वर प्रत्येक पट्टीला सोडता येईल असा तपासणीचा जोड ठेवा. खाडीची खारी हवा आधी बोल्टच खाते, त्यामुळे दर पावसाळ्याआधी हे जोड उघडून बघा.

सगळ्यात जास्त घोटाळा खाली, अर्थिंगच्या खड्ड्यांत होतो. वीजरोधकालाच ठेकेदार अरेस्टर म्हणतात. "अरेस्टरचा खड्डा वेगळाच हवा," असं ठेकेदार ठामपणे सांगतो. वेगळा खड्डा चालेल, पण तो बाकीच्या अर्थिंगला जोडलेला हवा. खड्ड्याचा रोध 5 ओहम आणि प्रवाह 30 हजार अँपियर धरला, तर त्या खड्ड्याचा दाब दीड लाख व्होल्टने चढतो. इन्व्हर्टर दुसऱ्याच अर्थवर बसला असेल तर हा सगळा फरक त्याच्या अंगावर येतो. म्हणून अरेस्टर, पॅनेल आणि इमारतीचे सगळे खड्डे जमिनीखालून पट्टीने एकत्र बांधून घ्या. खात्री करायची तर तपासणीचा जोड सोडून, खालच्या टोकापासून मुख्य अर्थबारपर्यंत मीटर लावा. एक ओहमपेक्षा बरंच जास्त दाखवलं, तर खालचा जोड सुटलाय किंवा कधी केलेलाच नाही.

गच्ची लहान असून अंतर मिळतच नसेल, तर चौकट दांडीच्या पट्टीला सरळ जोडून टाका. मग इन्व्हर्टरच्या डीसी बाजूला टाइप 1 सर्ज प्रोटेक्टर लागेल, टाइप 2 पुरणार नाही.