कबड्डीची अकादमी: शाळेच्या मैदानावर सुरुवात कशी करावी

राज्य स्पर्धा खेळून तालुक्याच्या गावी स्थिरावलेल्या खेळाडूच्या डोक्यात अकादमी म्हटलं की आधी जागा, मॅट आणि फलक येतो. माझं मत असं, की पहिल्या वर्षी यातलं काहीच लागत नाही. कबड्डीचं मोठं मैदान 13 बाय 10 मीटर असतं. एवढी मोकळी, मातीची जागा गावातल्या बहुतेक शाळांकडे असते आणि संध्याकाळी ती रिकामीच पडलेली असते.

तेव्हा आधी मुख्याध्यापकांना भेटा. मैदान मागताना त्यांना काय मिळणार तेही सांगा: त्यांच्या 14 आणि 17 वर्षांखालच्या संघांची शालेय स्पर्धांसाठीची तयारी तुम्ही विनाशुल्क करून घ्याल. ठरलेलं मात्र कागदावर घ्या. कोणते वार, किती वाजता, दिव्यांचं बिल कोणाकडे, बाहेरच्या शाळांची मुलं चालतील का, हे सगळं त्यात यावं. शेवटच्या प्रश्नावरच पुढे वाद होतात, कारण शालेय स्पर्धेची प्रवेशिका शाळा भरते. तुमच्याकडे शिकणारा शेजारच्या शाळेचा मुलगा उद्या याच शाळेविरुद्ध चढाई करणार आहे. हे मुख्याध्यापकांना पहिल्याच भेटीत सांगितलेलं बरं.

सुरुवात उन्हाळी सुट्टीत करा. वीस दिवसांचं शिबिर घ्या, सकाळी साडेसहा ते आठ. पालकांना वर्षभराच्या फीपेक्षा शिबिराची फी भरणं सोपं जातं आणि कोण टिकणारं आहे ते तुम्हालाही कळतं. जूनमध्ये त्यातूनच कायमची तुकडी उभी राहते. पावसात मैदानाचा चिखल होतो, तेव्हा शाळेच्या सभागृहात पदन्यास, दोरीवरच्या उड्या आणि तोल यांवर काम करा. फरशीवर पकडी कधीही घेऊ नका.

आता सरावाकडे येऊ, कारण चांगल्या खेळाडूंची अकादमी इथेच फसते. आपण जसे शिकलो तसंच आपण शिकवतो: दोन संघ पाडायचे आणि सामना लावायचा. समजा, 30 मुलं आहेत. सात-सातचे संघ केले की 14 खेळतात आणि 16 बसून राहतात. एक चढाई 30 सेकंदांची, वर मधला वेळ, म्हणजे वीस मिनिटांत साधारण पंचवीस चढाया होतात. प्रत्येकाच्या वाट्याला धड एकही येत नाही. ज्याला येते तो आधीपासूनच चांगला खेळणारा असतो. बाकीचे दोन महिन्यांत गळतात आणि आपण म्हणतो, हल्लीच्या मुलांना आवड नाही.

त्याऐवजी चुन्याने तीन छोटी मैदानं आखा. प्रत्येकावर दहा मुलं, पाचास पाच, चढाई 15 सेकंदांची. मधला वेळही 15 सेकंदांचा धरला तरी वीस मिनिटांत तिन्ही मैदानांवर मिळून 120 चढाया होतात, म्हणजे प्रत्येकाला चार. दोन मैदानांवर मोठ्या मुलांना पंच म्हणून उभं करा, तुम्ही तिसऱ्यावर राहा आणि दर दहा मिनिटांनी जागा बदला.

अकरा वर्षांखालच्या मुलांना या खेळात फक्त स्पर्श करू द्या, पकड नको. त्यांना आधी पडायला शिकवा: हनुवटी छातीकडे, हात ताठ न टेकता खांद्यावरून लोळण. पडण्याची भीती गेली की पायाची पकड शिकवा, तीही आधी गुडघ्यांवर बसून आणि चढाईपटू चालत असताना. घोटा धरणारा मुलगा डोकं चढाईपटूच्या गुडघ्यासमोर आणत असेल तर लगेच थांबवा. तोंडाला आणि मानेला होणाऱ्या बऱ्याच दुखापती तिथूनच सुरू होतात.

मुलींसाठी वेळ अशी ठेवा की उजेडात घरी पोहोचता येईल. शक्य असेल तर एखादी माजी महिला खेळाडू सोबत घ्या. पालकांचा पहिला प्रश्न तोच असतो.

पैशांचा हिशेब उदाहरणाने पाहा. 30 मुलांतली सहा शाळेच्या संघातली, त्यांना फी नाही. उरलेल्या 24 जणांकडून महिना 500 रुपये घेतले तर 12,000 जमतात. मदतनिसाला 4,000, दिवे, चुना आणि प्रथमोपचार पेटीसाठी 2,000 धरले तर हातात 6,000 राहतात. यावर घर चालत नाही, म्हणून पहिल्या वर्षी नोकरी किंवा शेती सोडू नका.

फीपेक्षा हजेरीवही जास्त सांगते. एखादं मूल सलग तीन दिवस आलं नाही, तर चौथ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन या. बहुतेक वेळा कारण खेळाचं नसतं: शिकवणीची वेळ बदललेली असते किंवा आणायला-सोडायला कोणी नसतं. तुकडीची वेळ अर्धा तास पुढे नेली तरी ते मूल परत येऊ शकतं.